सकाळी पेमेंट क्यू बघताना आधी काय बघशील

अरे, सकाळी आल्यावर नुसता पेंडिंगचा आकडा बघून घाबरू नको, आधी सगळ्यात जुना मेसेज किती वेळ पडून आहे ते बघ. समज रत्नागिरीतल्या आंबेवाल्यांची पेमेंट रात्री अडकली, सकाळी 600 पेंडिंग, मिनिटाला 40 नवीन येतायत आणि 100 निघतायत, म्हणजे 60 ने कमी होऊन दहा मिनिटात क्यू रिकामा, हात लावायचा नाही. पण निघणं थांबलंय नि जुन्याचं वय वाढतच चाललंय तर बहुतेक कन्झ्युमर, म्हणजे क्यूतून मेसेज उचलणारा प्रोग्राम, बंद किंवा एकच खराब मेसेज परत परत फेल होतोय, लॉगमध्ये तोच ट्रान्झॅक्शन आयडी सारखा दिसेल. तो मेसेज डेड लेटर क्यूमध्ये, म्हणजे फेल झालेले मेसेज बाजूला ठेवायच्या क्यूमध्ये टाक, पण रिट्राय मारायच्या आधी बँकेकडचं स्टेटस बघच, टाइमआउट आला तरी पैसे कापले गेलेले असू शकतात, आणि गिऱ्हाईकाचे दोनदा गेले तर रिफंडला दिवस लागतात रे. क्यू पर्ज, म्हणजे सगळे मेसेज एकदम उडवून टाकणं, तर कधीच करायचं नाही.