डायरीत ‘विश्रांती’ लिहिलेली असते, झोप नव्हे

प्रश्न : मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. प्लेस्कूलला तीन आठवडे झाले. तिथे दुपारी झोपते असे सांगतात, तरी परत येताना गाडीत डोळा लागतो, संध्याकाळी रडारड होते आणि रात्री झोपल्यावर तासाभरात किंचाळून उठते. दुपारची झोप बंद करायला सांगू का?

उत्तर : एवढ्यात सांगू नका. मी डॉक्टर नाही आणि प्रत्येक मुलाची झोप वेगळी असते, हे आधीच नमूद करते. परंतु तुमची पोस्ट वाचताना माझ्या मुलाचे प्लेस्कूलमधले पहिले दोन महिने जसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे राहिले आणि जी चूक मी केली, नेमकी तीच करण्याच्या विचारात तुम्ही आहात असे वाटले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे रोज एक डायरी यायची आणि तीत ‘विश्रांती : १ ते २:३०’ असे लिहिलेले असायचे. मी त्याचा अर्थ दीड तास झोप असा लावला. दिवसा एवढे झोपूनही संध्याकाळी चिडचिड आणि रात्री जाग, म्हणजे दुपारची झोप जास्त होत असणार, असा निष्कर्ष मी काढला. झोप कमी करा असे शाळेला कळवले आणि रात्रीची वेळ पावणेनऊवरून दहावर नेली, कारण दमला की गाढ झोपेल असे मला वाटत होते. त्यानंतरच्या रात्री आधीच्याहून वाईट गेल्या. तो अकराच्या सुमारास डोळे उघडे ठेवून किंचाळायचा, पण मला ओळखायचा नाही, उचलले की आणखी हातपाय झाडायचा. दोन वाजता पुन्हा उठायचा, तेव्हा मात्र पूर्ण जागा असायचा आणि माझा हात धरून ठेवायचा.

शाळेत मी तीनदा विचारले. ‘शांत झोपतो, काही त्रास नाही’ हेच उत्तर तीनही वेळा मिळाले. सातव्या आठवड्यात न्यायला जरा लवकर गेले, तेव्हा तिथल्या मदतनीस ताई सहज बोलून गेल्या, ‘झोपत नाही हो तो. नुसता दाराकडे बघत पडून असतो. विश्रांती संपून दिवे लावायची वेळ झाली की तेव्हा कुठे डोळा लागतो.’ त्या एका वाक्यासाठी आम्ही सात आठवडे घालवले होते. मुलगा झोपत नाही याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही, कारण अनोळखी खोलीत, पंधरा मुलांच्या आवाजात, आई दिसत नसताना त्याने झोपावे तरी कसे? पडून राहणे आणि झोपणे यांतला फरक कोणी लिहून ठेवला नाही, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

त्या रात्री मी हिशेब मांडला. शाळेपूर्वी त्याची रात्रीची झोप सव्वादहा तास आणि दुपारची दोन तास, म्हणजे एकूण सव्वाबारा तास होत असे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप सुचवते, त्यात हे व्यवस्थित बसत होते. शाळा सुरू झाल्यावर दुपारी जेमतेम २५ मिनिटे, गाडीत १५ मिनिटे आणि रात्री सव्वादहा ते साडेसहा, म्हणजे मधली जाग न धरताही नऊ तासांहून कमी झोप होत होती. रोज सुमारे तीन तासांची तूट पडत होती आणि मी ती वाढवत होते.

दमलेले मूल गाढ झोपते हा समज मोठ्यांच्या अनुभवावरून आलेला आहे. लहान मूल अति दमले की झटकन झोपते खरे, पण सुरुवातीच्या गाढ झोपेतून नीट बाहेर येता न आल्याने अर्धवट जागे होऊन किंचाळण्याची शक्यता वाढते. हे बहुधा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात होते आणि सकाळी मुलाला त्यातले काही आठवत नाही. त्या वेळी जागे करायचा प्रयत्न न करता, त्याला इजा होणार नाही एवढे पाहत शेजारी बसावे. पहाटे दोनची जाग वेगळी असते. तेव्हा मूल तुम्हाला ओळखते, हाक मारते, बिलगते. ती दिवसभराच्या विरहाची जाग असते आणि जवळ बसून थोपटल्यावर बहुतेकदा निवते. पहिल्या जागेला उपाय म्हणजे लवकर झोपवणे, दुसरीला उपाय म्हणजे सोबत. दोन्हींवर एकच उपाय करत राहिल्याने माझे बरेच दिवस गेले.

आता तुम्ही काय करावे. शाळेला ‘झोपली का’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर नेहमी होच येते. तिला किती वाजता डोळा लागला, किती वाजता जाग आली आणि ती आपणहून उठली की उठवले, एवढे तीनच प्रश्न विचारा. वर्गशिक्षिकांना वेळ नसेल तर गाद्या घालणाऱ्या व्यक्तीला विचारा. माझ्या मते खरी माहिती तिच्याकडेच असते. आठवडाभर या वेळा कागदावर लिहून ठेवा, त्यात गाडीतली डुलकीही धरा.

खरी झोप पाऊण तासाहून कमी निघाली, तर त्या दिवशी रात्रीची वेळ तासभर तरी अलीकडे आणा. आम्ही पावणेनऊऐवजी सव्वासातला अंथरुणावर न्यायला लागलो. इतक्या लवकर झोपवले तर पहाटे चारला उठेल अशी मला भीती होती, पण तो साडेसहापर्यंत झोपला. अकराचे किंचाळणे पाचव्या रात्री थांबले. दोनची जाग आणखी तीन आठवडे राहिली. गाडीतली डुलकी टळत नसेल तर घरी पोहोचताच उठवा; पाचनंतर लांबलेली झोप रात्रीची वेळ हमखास ढकलते. सुट्टीच्या दिवशी घरी दुपारी दोन तास झोपू द्यायला हरकत नाही, मात्र साडेतीनपर्यंत उठवावे.

हिशेब उलट निघाला, म्हणजे ती खरोखर दीड तास झोपत असेल, रात्री अंथरुणात पाऊण तास आनंदाने बडबडत लोळत असेल आणि मध्येच उठून तासभर खेळत असेल, तर मात्र दुपारची झोप थोडी कमी करण्याचा तुमचा विचार योग्य ठरेल. तुमच्या वर्णनातली गाडीतली झोप आणि संध्याकाळची रडारड पाहता मला तसे वाटत नाही. आणखी एक गोष्ट : पहिल्या काही महिन्यांत शाळेतून सर्दी वारंवार येते आणि नाक चोंदल्यानेही जाग येते. सर्दी नसतानाही ती घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा झोपेत श्वास अडखळत असेल, तर वेळापत्रक बदलत न बसता थेट बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आमचा मुलगा दहाव्या आठवड्यात घरची चादर सोबत दिल्यावर शाळेत तासभर झोपू लागला. तेव्हा आम्ही रात्रीची वेळ दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटांनी पुढे नेली आणि ती आठवर येऊन स्थिरावली. जुनी पावणेनऊची वेळ पुन्हा आली नाही, कारण सकाळी उठणे आता साडेसहालाच होते.