वरून ढकलणे, खालून वाट देणे : आतड्याच्या चेतासंस्थेविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्या भावाचा दोन वर्षांपूर्वी अपघात झाला आणि छातीमागच्या आठव्या मणक्यापाशी मज्जारज्जू तुटला. कमरेखाली त्याला काही कळत नाही, काही हलवता येत नाही. मग त्याने खाल्लेले अन्न पुढे सरकते तरी कसे? — नाशिक रोड

पायाचा स्नायू मेंदूच्या आज्ञेवाचून हलत नाही, पण आतड्याला तशी आज्ञा लागत नाही, कारण त्याच्या चेतापेशी त्याच्या भिंतीतच असतात. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर आहेत. आतल्या थरातील तंतू नळीभोवती गोल, तर बाहेरच्या थरातील तंतू नळीच्या लांबीने जातात. या दोन थरांच्या मध्ये चेतापेशींचे एक जाळे आहे, त्याला आउरबाखचे जाळे म्हणतात. आतल्या अस्तराच्या लगेच खाली दुसरे जाळे आहे, ते माइसनरचे. दोन्हींत मिळून दहा कोटींहून अधिक चेतापेशी असतात. पहिले जाळे प्रामुख्याने हालचाल सांभाळते आणि दुसरे प्रामुख्याने पाझर.

1899 मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या सर्व नसा कापल्या आणि मग आतड्याला एका जागी उद्दीपन दिले. त्या जागेच्या वरचा भाग आवळला आणि खालचा भाग सैल पडला. 1917 मध्ये ट्रेंडेलेनबुर्ग यांनी गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून कोमट क्षारद्रवात ठेवला. त्यात हळूहळू द्रव भरताच तो तुकडा स्वतःहून लाटा काढून द्रव ढकलू लागला. तिथे मेंदू नव्हता, मज्जारज्जूही नव्हता.

भावाच्या आतड्यात आज दुपारच्या भाकरीचा लगदा असेल, तर तिथे हेच घडत आहे. लगद्यामुळे भिंत ताणली जाते आणि अस्तर घासले जाते. अस्तरातील काही खास पेशी हे घर्षण ओळखून सिरोटोनिन सोडतात. (शरीरातील सिरोटोनिनचा फार मोठा भाग मेंदूत नव्हे, तर या पेशींत असतो.) सिरोटोनिनमुळे भिंतीतीलच संवेदी चेतापेशी जागी होते आणि तिचा संदेश दोन्ही बाजूंना जातो. वरच्या बाजूला गेलेला संदेश ज्या चेतापेशींपर्यंत पोहोचतो, त्या ॲसिटिलकोलिन सोडतात आणि लगद्यामागचा गोल स्नायू आवळतो. खालच्या बाजूच्या शेवटच्या चेतापेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि पुढचा स्नायू सैल होतो. लगदा थोडा पुढे सरकला की नव्या जागी भिंत ताणली जाते आणि हाच क्रम तिथून पुन्हा सुरू होतो. दिशासुद्धा या जोडणीतच ठरलेली असते, म्हणूनच शस्त्रक्रियेत आतड्याचा एखादा तुकडा उलटा जोडला, तर तो आपल्या जुन्याच दिशेने, म्हणजे आता वरच्या बाजूला, ढकलत राहतो.

मात्र शेवटच्या टप्प्याला मज्जारज्जू लागतो. मलाशय भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत त्याच मार्गाने जाते आणि गुदद्वाराचा बाहेरचा स्नायू इच्छेने आवळणे-सोडणेही त्याच मार्गाने होते. शिवाय बाहेरच्या नसांची साथ सुटल्यामुळे मोठे आतडे पूर्वीपेक्षा मंद चालते. म्हणून भावाला शौचाची वेळ ठरवून द्यावी, शक्यतो जेवणानंतरची, आणि गुदद्वारात ठेवायची गोळी किंवा हातमोजा घालून बोटाने हलके उद्दीपन, हे परिचारिकेकडून नीट शिकून करावे. त्या उद्दीपनाने भिंतीतील आणि मज्जारज्जूच्या खालच्या टोकातील प्रतिक्षिप्त क्रिया जाग्या होतात. आठव्या मणक्याच्या दुखापतीत त्या बहुधा शाबूत असतात.

प्रश्न : आमच्या नातवाने जन्मल्यावर तीन दिवस शी केली नाही, पोट टम्म फुगले. तपासण्यांनंतर सांगितले की फुगलेले आतडे चांगले आहे आणि त्याच्या खालचा बारीक भाग दोषी आहे. हे आम्हाला उलटेच वाटते. — निफाड

तुम्हाला वाटले तेच डॉक्टरांनाही दीर्घकाळ वाटत होते. डेन्मार्कचे बालरोगतज्ज्ञ हर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये या आजाराचे वर्णन केले, ते फुगलेल्या आतड्याचा आजार म्हणूनच. पुढे शल्यचिकित्सक फुगलेला भाग काढत राहिले आणि मुले पुन्हा तशीच फुगून येत राहिली. 1948 मध्ये स्वेन्सन यांनी बारीक दिसणारा खालचा भाग काढून वरचे आतडे खाली आणून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तेव्हा खरा दोष कुठे आहे हे प्रत्यक्ष उपचारातून दिसले.

आतड्याच्या चेतापेशी आतड्यात तयार होत नाहीत. गर्भाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात त्या मानेकडच्या भागातून निघून अन्ननलिकेत शिरतात आणि भिंतीतून प्रवास करत गुदद्वारापर्यंत पोहोचतात. हा प्रवास मध्येच थांबला, तर त्यापुढचे आतडे चेतापेशींवाचून राहते. त्यामुळे रिकामा भाग नेहमी खालच्या टोकाला असतो, आणि बहुतेक बाळांमध्ये तो मलाशय व त्यालगतच्या वळणापुरता असतो. सुमारे पाच हजार बाळांमागे एकाला हा आजार असतो, मुलग्यांमध्ये अधिक. गरोदरपणी आईने काय खाल्ले किंवा काय केले याच्याशी त्याचा संबंध जोडू नये. सुनेला हे घरातल्या मोठ्यांनी स्वतःहून सांगावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बारीक भागातील स्नायू धडधाकट असतो. वर सांगितलेल्या क्रियेतील सैल करणारी बाजूच तिथे नसते. नायट्रिक ऑक्साइड सोडणारी चेतापेशी नाही म्हणजे ‘सोड’ असे सांगणारे कोणी नाही, आणि स्नायू स्वतःच्या ताणाने आवळलेलाच राहतो. वरचे निरोगी आतडे मात्र आपले काम चोख करते, ढकलत राहते, आणि पुढे वाट नसल्याने तेच ताणून मोठे होते.

निरोगी, पूर्ण दिवसांची बहुतेक बाळे पहिल्या 24 तासांत काळपट-हिरवी शी करतात आणि 48 तासांत जवळपास सगळीच. त्यापुढे गेले, पोट फुगले, हिरवी उलटी झाली, तर थांबू नये. पुढची एक तपासणी मला फार बोलकी वाटते. मलाशयात छोटा फुगा ठेवून त्यात थोडी हवा भरतात. निरोगी बाळात काही सेकंदांत गुदद्वाराच्या आतल्या स्नायूचा दाब खाली येतो. हर्शस्प्रुंगच्या आजारात तो येत नाही. ही क्रिया पूर्णपणे भिंतीतली असल्याने नाशिक रोडच्या वाचकांच्या भावामध्ये मज्जारज्जू तुटूनही ती टिकून असेल आणि तुमच्या नातवात मज्जारज्जू उत्तम असूनही ती दिसणार नाही.

निदान पक्के होते ते बायोप्सीने. अस्तर आणि त्याखालचा थर यांचा लहानसा तुकडा पुरतो, कारण दोन्ही जाळी एकाच भागातून नाहीशी झालेली असतात, म्हणजे वरवरचे माइसनरचे जाळे पाहून खोलवरच्या जाळ्याचा अंदाज बांधता येतो. तुकडा गुदद्वाराच्या फार जवळून घेतला तर फसगत होते, कारण तिथे निरोगी बाळातही चेतापेशी विरळ असतात. तो फार उथळ असला तर जाळ्याचा थरच त्यात येत नाही. अशा वेळी पुन्हा तुकडा घ्यावा लागला, तर ती हलगर्जी समजू नये.

शस्त्रक्रियेच्या वेळी कापण्याच्या रेषेवर चेतापेशी आहेत याची सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या तिथे खात्री करून घेतात. तरीही गुदद्वाराचा आतला स्नायू चेतापेशींवाचूनच राहतो, म्हणून काही मुलांना नंतरही बद्धकोष्ठ राहतो. खरा धोका आहे तो आतड्याच्या दाहाचा. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा नंतर पोट फुगणे, ताप आणि दुर्गंधीयुक्त पातळ शी एकत्र दिसली, तर ते साधे जुलाब समजून घरी औषध देऊ नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

प्रश्न : सकाळी मिसळ खाल्ली की वीस मिनिटांत शौचाला पळावे लागते. ती इतक्या लवकर बाहेर येते का? — पंचवटी

नाही. मिसळीला लहान आतडे ओलांडायलाच काही तास लागतात आणि मोठ्या आतड्यात तिचा बहुधा एक दिवस किंवा त्याहून अधिक जातो. बाहेर येते ते काल-परवाचे. जठर ताणले गेले आणि तर्रीतील तेल लहान आतड्याच्या सुरुवातीला पोहोचले की मोठ्या आतड्याला जोर येतो. यात बाहेरच्या नसा आणि संप्रेरके यांचाही वाटा आहे, म्हणून ही क्रिया निव्वळ स्थानिक म्हणता येत नाही. सकाळी ती अधिक जोरदार असते. शौचासाठी रात्री झोपेतून उठावे लागत नसेल, शौचात रक्त नसेल आणि वजन घटत नसेल, तर काळजीचे कारण नाही.

प्रश्न : जुलाबात एवढे पाणी येते कुठून? आणि जुलाब थांबवायची गोळी नेमके काय थांबवते? — वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी, गंगापूर रोड

रोज सुमारे आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातील साधारण दोन लिटर आपण प्यालेला, बाकीचा शरीरानेच पाझरलेला. त्यातला बहुतेक सगळा परत शोषला जातो आणि शौचावाटे जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर जातो. लगदा अस्तराला घासला की सिरोटोनिनचा तोच संदेश माइसनरच्या जाळ्यातही जातो. तिथल्या चेतापेशी ॲसिटिलकोलिन आणि व्हीआयपी नावाचे पेप्टाइड सोडतात, अस्तरातील खोलगट ग्रंथींच्या पेशी क्लोराइड बाहेर टाकतात, आणि त्यामागे सोडियम व पाणी येते. म्हणजे लगदा सरकायला हवा तेव्हाच वाट ओली होते. हालचाल आणि पाझर यांचा मेळ असा एकाच संदेशातून बसतो.

कॉलऱ्याचे विष याच यंत्रणेवर दोन बाजूंनी स्वार होते. ते ग्रंथींच्या पेशीत शिरून क्लोराइडचे दार उघडेच ठेवते. शिवाय ते सिरोटोनिन सोडायला लावते, म्हणजे चेतापेशींकरवी पाझर आणखी वाढवते. प्राण्यांवरील प्रयोगांत आतड्याच्या भिंतीतील चेतापेशी बधिर केल्यावर कॉलऱ्याच्या विषाने होणारा पाझर बराच घटला. अभ्यासक्रमात बहुधा पहिलाच मार्ग शिकवला जातो, म्हणून दुसरा आवर्जून लक्षात ठेवावा.

लोपेरामाइडची गोळी मुख्यतः आउरबाखच्या जाळ्यातील अफूवर्गीय ग्राहींना चिकटते आणि ॲसिटिलकोलिनचे सुटणे कमी करते. ढकलणे मंदावते आणि पाणी शोषायला वेळ मिळतो. पण विषाने उघडलेले क्लोराइडचे दार त्याने बंद होत नाही. कॉलऱ्यासारख्या आजारात शौचाला जाणे कमी झाले, तरी पाणी आतड्यात साचत राहते आणि रक्तातील पाणी घटतच जाते. कॉलऱ्याच्या तीव्र रुग्णाचे तासाला एक लिटरहून अधिक पाणी जाऊ शकते. ताप असेल, शौचात रक्त असेल, तर ही गोळी घेऊ नये आणि लहान मुलांना मुळीच देऊ नये. ओआरएस मात्र चालते, कारण साखरेबरोबर सोडियम आत ओढून घेणारी वाहक यंत्रणा कॉलऱ्यातही शाबूत असते आणि त्यामागे पाणी आत येते. रुग्णाला उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. लघवी कमी होऊ लागली, सुस्ती आली किंवा पाजलेले मुळीच टिकत नसेल, तर शिरेतून सलाइन लागते.