चार्ट करताना थायरॉइडची गोळी आधी बसव

प्रिय विद्यार्थ्या,

आजीसाठी केलेला गोळ्यांच्या वेळांचा चार्ट पाहिला. परीक्षेत यावर चांगले गुण मिळतील, पण आजीला तो वाचता येणार नाही. औषधाचा गट, शरीरातलं कार्य, ओडी, बीडी, एचएस अशा वेळांच्या खुणा हे सगळं तुझ्या वहीत राहू दे. आजीला चारच गोष्टी हव्यात: कधी, कोणती, किती आणि खाण्याआधी की नंतर.

पण अक्षर आणि रकाने यांच्याआधी एक मोठी गोष्ट बघू. 'सकाळी' या एकाच रकान्यात तू थायरॉइड, बीपी आणि कॅल्शियम अशा तीन गोळ्या ठेवल्या आहेत. तिन्हींपुढे चिठ्ठीत १-०-०, म्हणजे फक्त सकाळी एक, असं आहे, म्हणून तू तसंच उतरवलंस. थायरॉइडची चिठ्ठी एका डॉक्टरांची, कॅल्शियमची हाडांच्या डॉक्टरांची. प्रत्येक चिठ्ठी आपल्या जागी बरोबर असते, घोळ होतो तो दोन्ही एका ताटात वाढल्यावर. फार्मासिस्टचं खरं काम इथेच सुरू होतं.

थायरॉइडच्या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन हे हार्मोन आणि कॅल्शियमच्या गोळीतलं कॅल्शियम कार्बोनेट एकत्र पोटात गेले, की कॅल्शियम त्या हार्मोनला धरून ठेवतं आणि आतड्यातून त्याचं शोषण कमी होतं. म्हणून दोघांत किमान ४ तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. चहा, कॉफी, दूध यांनाही हाच नियम. आजी म्हणेल, 'नुसता चहाच तर घेतला!' हे वाक्य मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय, की चार्टवर 'चहासुद्धा नाही' असं वेगळं लिहायला मी सगळ्यांनाच सांगतो.

म्हणजे आजीच्या पाच औषधांपैकी सर्वांत हट्टी गोळी थायरॉइडची. तिला आधी बसव, बाकीच्या तिच्याभोवती बसतात. तू कळवलंस त्याप्रमाणे आजी साडेपाचला उठते, साडेआठला नाश्ता करते, दुपारी एकला आणि रात्री आठला जेवते. मग सकाळी ६ वाजता फक्त थायरॉइड. साडेआठला नाश्ता झाल्यावर बीपीची टेल्मिसार्टन आणि शुगरची मेटफॉर्मिन. दुपारी जेवण झाल्याबरोबर कॅल्शियम. कार्बोनेट नीट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ते जेवणासोबतच चांगलं, शिवाय थायरॉइडपासून ७ तासांचं अंतर आपोआप पडतं. रात्री जेवणानंतर मेटफॉर्मिनची दुसरी गोळी आणि कोलेस्टेरॉलची अटोर्व्हास्टॅटिन.

अटोर्व्हास्टॅटिनसाठी तू रात्री १० चा वेगळा रकाना केला आहेस. त्याची गरज नाही. 'स्टॅटिन रात्रीच' हा नियम सिम्व्हास्टॅटिनसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधांसाठी. अटोर्व्हास्टॅटिनचा परिणाम दिवसभर टिकतो, ती रोज ठरलेल्या वेळी घेतली म्हणजे झालं. एक वेळ कमी झाली, की विसरण्याची एक जागा कमी झाली. आता चार वेळा आणि सहा गोळ्या राहिल्या. प्रत्येक वेळेपुढे आकडा मोठा लिही: १, २, १, २. गिळण्याआधी तळहातावर तेवढ्याच गोळ्या आहेत ना, हे आजी स्वतः मोजू शकेल.

गोळीची ओळख 'पांढरी गोल' अशी लिहू नकोस. पुढच्या महिन्यात दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली, की रंग आणि आकार दोन्ही बदलतील. पट्टीवरचं औषधाचं नाव देवनागरीत, त्याची ताकद आणि कशासाठी ते लिही. ताकद विसरू नकोस, कारण थायरॉइडच्या ५० आणि ७५ मायक्रोग्रॅमच्या पट्ट्या बऱ्याचदा सारख्याच दिसतात. आजीला सांग, पट्टी नाव आणि एक्स्पायरी छापलेल्या बाजूने फोडायची नाही, तो तुकडा शेवटपर्यंत राहू द्यायचा. मेटफॉर्मिनच्या पट्टीवर 'एसआर' किंवा 'ईआर' असेल, तर त्यापुढे 'तोडू नये, चावू नये' हेही लिही. ती गोळी हळूहळू औषध सोडण्यासाठीच तशी बनवलेली असते.

रोज खूण करायला चौकोन ठेव, पण खूण गोळी गिळल्यावर करायची. आधी करून मग पाणी आणायला गेलं, की फसगत होते. खूण नाही आणि घेतली की नाही तेही आठवत नाही, अशा वेळी पट्टीतल्या गोळ्या मोजायच्या. तरीही शंका राहिली, तर ती वेळ सोडून द्यायची, दुप्पट कधीच घ्यायची नाही. शरीरातलं लेव्होथायरॉक्सिन निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एखादा दिवस चुकल्याने बिघडत नाही. आजी घाबरून दोन घेईल, त्यापेक्षा हे तिला आधीच समजावून ठेव.

खाली एक ओळ ठळक लिही: 'उलट्या, जुलाब झाले किंवा जेवण जात नसेल, तर शुगर आणि बीपीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन.' शरीरातलं पाणी कमी झालं असताना टेल्मिसार्टनमुळे रक्तदाब खाली जाऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मूत्रपिंड मंदावलं की मेटफॉर्मिन अंगात साठू लागतं. फोन नंबर त्याच ओळीत हवा, कागदाच्या मागे नाही.

आता तुझ्या लक्षात न आलेली गोष्ट. आजी इतके दिवस थायरॉइड आणि कॅल्शियम एकत्र घेत होती. तू लिहिलंस की गेल्या वेळी थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला आला, म्हणजे हार्मोन कमी पडत होतं, आणि डॉक्टरांनी डोस वाढवला. कदाचित गोळी कमी नव्हतीच, ती नीट शोषली जात नव्हती. आता तू अंतर ठेवलंस, की तीच वाढवलेली गोळी पूर्ण लागू होईल आणि तोच डोस तिला जास्त होऊ शकेल. या वयात थायरॉइडचा डोस जास्त होणं साधं नसतं. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, वजन उतरणं ही लक्षणं दिसतात. हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि कालांतराने हाडंही ठिसूळ होतात. म्हणजे ज्या हाडांसाठी कॅल्शियम चालू आहे, त्यांचंच नुकसान.

म्हणून चार्ट भिंतीवर लावण्याआधी दोन्ही डॉक्टरांना दाखव. 'दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या जात होत्या, आता वेगळ्या केल्यात' हे थायरॉइड बघणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांग, आणि कॅल्शियम दुपारी हलवायला हाडांच्या डॉक्टरांची संमती घे. वेळ बदलल्यापासून ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायचा का, हे विचार. त्याआधी केला तर आकडा अजून स्थिरावलेला नसतो. डोस तू स्वतः कमी करायचा नाहीस, अर्धी गोळीसुद्धा नाही. धडधड वाटली, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं.

कागद तयार झाला, की आजीला 'समजलं का?' असं विचारू नकोस, ती हो म्हणेलच. पाच पट्ट्या समोर ठेव आणि म्हण, 'आजी, आता सकाळचे सहा वाजलेत, काय घेशील दाखव बरं.' मग साडेआठ, मग दुपार, मग रात्र. जिथे तिचा हात अडखळेल, तिथे दोष तुझ्या अक्षरांचा धर आणि ती ओळ बदल. वर कोपऱ्यात तारीख टाक. पुढे एखादं औषध बदललं, तर खाडाखोड न करता नवा कागद लिही आणि जुना तिच्यासमोर फाड.

सुधारलेला चार्ट आणि आधीच्या दोन्ही टीएसएचचे आकडे मला पाठव.

तुझा,
सर