लॉकरबी प्रकरण आणि सुरक्षा परिषदेच्या अधिकारांची हद्द

प्रश्न: सुरक्षा परिषदेचा ठराव सगळ्या देशांना बंधनकारक असतो म्हणतात. पण परिषदेनंच संयुक्त राष्ट्रांची सनद मोडली तर? कोर्टात जाता येतं का, की व्हेटोवाल्या पाचांपुढे कुणाचंच काही चालत नाही?

परिषदेला प्रतिवादी करून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभं करता येत नाही. तिथे दावा फक्त देश लावू शकतात आणि तोही दुसऱ्या देशावरच. पण दोन देशांच्या भांडणात परिषदेचा ठराव आडवा आला, की त्याच्या वैधतेचा प्रश्न मागच्या दारानं कोर्टात शिरतो. असं सर्वांत ठळकपणे घडलं ते लिबियाच्या बाबतीत. हा विषय शिकवताना मी नेहमी तेच प्रकरण घेतो, कारण तुमच्या प्रश्नातल्या तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

२१ डिसेंबर १९८८ ला पॅन ॲमचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर बॉम्बस्फोटानं कोसळलं. २७० माणसं गेली. १९९१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटननं दोन लिबियन नागरिकांवर आरोप ठेवले आणि त्यांना आमच्या ताब्यात द्या म्हणून लिबियाला सांगितलं. लिबियाचं उत्तर असं होतं की आमचा कायदा स्वतःचा नागरिक परदेशाच्या हवाली करू देत नाही. शिवाय विमानांविरुद्धच्या गुन्ह्यांबाबतचा १९७१ चा माँट्रियल करार सांगतो की आरोपीला सोपवा, नाहीतर स्वतः त्याच्यावर खटल्याची कारवाई करा. आम्ही दुसरा पर्याय निवडतो. तपास नीट आणि निःपक्षपाती होईल यावर कुणाचा विश्वास नव्हता हे खरं, पण कराराच्या शब्दांपुरती लिबियाची बाजू कच्ची नव्हती.

२१ जानेवारी १९९२ ला परिषदेनं ७३१ क्रमांकाचा ठराव एकमतानं केला. त्यात लिबियाला या मागण्यांना प्रतिसाद देण्याचं आवाहन होतं, आदेश नव्हता. हा फरक महत्त्वाचा आहे. परिषदेचा प्रत्येक ठराव बंधनकारक नसतो. सनदेच्या २५ व्या कलमाप्रमाणे सदस्य देश परिषदेचे ‘निर्णय’ पाळायला बांधलेले असतात. एखादा ठराव असा निर्णय आहे की नाही हे त्याची भाषा, त्याआधीची चर्चा आणि आधाराला घेतलेली कलमं पाहून ठरवायचं, असं न्यायालयानं १९७१ मध्ये नामिबियाविषयीच्या सल्ल्यात सांगून ठेवलं आहे. ‘आवाहन करते’ आणि ‘निर्णय घेते’ यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचं अंतर पडतं.

आता व्हेटोची एक बाजू, जी फारशी कुणी सांगत नाही. कलम २७ च्या तिसऱ्या परिच्छेदात नऊ होकारार्थी मतांची आणि स्थायी सदस्यांच्या संमतीची अट आहे, त्यातूनच व्हेटो येतो. त्याच वाक्याच्या शेवटी एक बंधनही आहे: सहाव्या प्रकरणाखाली, म्हणजे वाद शांततेनं सोडवण्यासाठी, निर्णय घेताना वादातल्या पक्षानं मतदान करायचं नाही. ७३१ च्या वेळी अमेरिका आणि ब्रिटन उघडउघड लिबियाशी वादात होते. त्यांनी तरीही मत दिलं. लिबियानं आक्षेप घेतला, पण तो ऐकून निकाल देणारं कुणीच तिथे नव्हतं. ‘हा वाद नाही, दहशतवादाची परिस्थिती आहे’ अशी मांडणी केली की ही अट लागूच होत नाही, आणि मांडणी कशी करायची हे परिषदच ठरवते. माझ्या मते सनदेतली ही सगळ्यात दुर्लक्षित ओळ आहे.

३ मार्चला लिबिया माँट्रियल कराराच्या आधारे हेगला गेला आणि निर्बंधांची धमकी थांबवणारा अंतरिम आदेश मागितला. २८ मार्चला सुनावणी संपली. निकाल यायच्या आतच, ३१ मार्चला, परिषदेनं सनदेच्या सातव्या, म्हणजे सक्तीच्या कारवाईच्या, प्रकरणाखाली ७४८ वा ठराव केला. आता मागण्या मान्य करणं सक्तीचं झालं, शिवाय विमानवाहतूक आणि शस्त्रविक्रीवर बंदी आली. दहा मतं बाजूनं पडली. चीन, भारत, मोरोक्को, झिम्बाब्वे आणि केप व्हर्ड तटस्थ राहिले. चीन स्थायी सदस्य असूनही ठराव अडला नाही, कारण तटस्थ राहणं म्हणजे व्हेटो नव्हे, ही प्रथा नामिबियाच्या सल्ल्यात न्यायालयानंही मान्य केली आहे. आणि सातव्या प्रकरणाखाली वादातल्या पक्षालाही मत देता येतं, त्यामुळे आधीचा आक्षेपही इथे उरला नाही.

१४ एप्रिलला न्यायालयानं अकरा विरुद्ध पाच मतांनी अंतरिम आदेश नाकारला. कारण १०३ वं कलम: सनदेखालचं कर्तव्य आणि दुसऱ्या करारातलं कर्तव्य यांची टक्कर झाली तर सनद वरचढ. प्रथमदर्शनी ७४८ पाळणं हे सनदेखालचंच कर्तव्य, म्हणून माँट्रियल करार मागे पडला. मात्र ठरावाच्या कायदेशीर परिणामांवर आम्ही अंतिम मत देत नाही, हेही न्यायालयानं नोंदवलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये तो दरवाजा किलकिला झाला. दावा ३ मार्चला दाखल झाला, बंधनकारक ठराव नंतर आला, तेव्हा नंतरच्या ठरावानं आमचा अधिकार जात नाही, असं म्हणून न्यायालयानं ब्रिटन-अमेरिकेच्या अधिकारक्षेत्राबद्दलच्या प्राथमिक हरकती फेटाळल्या.

पण पुढे जे हललं ते कोर्टामुळे कमी आणि आफ्रिकी देशांमुळे जास्त. जून १९९८ मध्ये आफ्रिकी एकता संघटनेनं ठरवलं की तटस्थ देशात खटला मान्य झाला नाही, तर सप्टेंबरपासून आम्ही हे निर्बंध पाळणार नाही. दिलेल्या कारणांत कलम २७ (३) चा भंग हेही होतं. ऑगस्टमध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं नेदरलँड्समध्ये, पण स्कॉटिश कायद्याखाली खटला चालवायचं कबूल केलं. ५ एप्रिल १९९९ ला आरोपी तिथे पोचले आणि निर्बंध स्थगित झाले. ते कायमचे उठायला मात्र सप्टेंबर २००३ उजाडलं. निर्बंध उठवायलाही नवा ठराव लागतो आणि त्यावरही व्हेटो चालतो, म्हणून एकदा लागलेले निर्बंध एकटा स्थायी सदस्य वर्षानुवर्षं लटकवू शकतो. भरपाईचा तोडगा निघाल्यावर अमेरिका आणि फ्रान्सनं तटस्थ राहून वाट मोकळी केली. त्याच महिन्यात हेगचा दावाही संमतीनं मागे घेतला गेला, त्यामुळे ७४८ वैध होता का, याचं उत्तर न्यायालयाला द्यावंच लागलं नाही.

म्हणून परिषदेला कायदाच नाही असं मात्र समजू नका. कलम २४ (२) तिला संयुक्त राष्ट्रांच्या उद्दिष्टांत आणि तत्त्वांत बांधतं. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणानं १९९५ मध्ये टॅडिच खटल्यात आपली स्थापना करणाऱ्या ठरावाचीच वैधता तपासली (आणि ती योग्य ठरवली). न्यायालयातून परिषदेला खरा चटका बसला तो २००८ मध्ये. कादी या सौदी उद्योजकाचं नाव अल-कायदा निर्बंधांच्या यादीत होतं. पुरावा दाखवला नाही, बाजू मांडू दिली नाही, म्हणून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं त्याची मालमत्ता गोठवणारा युरोपीय नियम त्याच्यापुरता रद्द केला. परिषदेच्या ठरावाला न्यायालयानं हात लावला नाही. पण युरोपातली अंमलबजावणीच धोक्यात आल्यावर परिषदेनं २००९ मध्ये यादीतून नाव काढण्याचे अर्ज तपासणारा लोकपाल नेमायचं ठरवलं, आणि २०११ पासून त्या कार्यालयाची नाव वगळण्याची शिफारस ही यादी सांभाळणाऱ्या परिषदेच्या समितीनं एकमतानं फेटाळली नाही, किंवा प्रकरण परिषदेकडे पाठवलं नाही, तर साठ दिवसांनी आपोआप लागू होते. ही सोय तेवढ्या एका यादीपुरती आहे. इतर निर्बंधांच्या याद्यांवरच्या माणसांना त्या लोकपालाकडे जाता येत नाही.