वेबसाइटवरच्या स्थळाला पहिला मेसेज: काय लिहिलं की उत्तर येतं?

प्रश्न: वय 29, मूळचा कोल्हापूरचा, नोकरी पुण्यात. लग्नाच्या साइटवर तीन महिन्यांत चाळीसेक मुलींना मेसेज केले. ‘हाय, तुमची प्रोफाइल आवडली, बोलायला आवडेल का?’ एवढंच लिहितो. दोन उत्तरं आली, त्यातलं एक नकाराचं. लाळघोटेपणा वाटणार नाही, पण आपुलकी वाटेल आणि समोरची उत्तर देईल, असं नेमकं काय लिहू?

उत्तर:

तुझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी आहे, त्यामुळे अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी स्वतः दीड वर्ष अशा साइटवर होते, लग्नही तिथूनच जमलं. नंतर मामेभावासाठी मेसेज लिहायला त्याच्या शेजारी बसले. म्हणजे मेसेज येतात त्या बाजूलाही राहिलेय आणि जातात त्या बाजूलाही.

आधी एक गोष्ट सांगते, ती मुलांना सहसा माहीतच नसते. माझी प्रोफाइल सुरुवातीला बाबा चालवायचे. रात्री जेवायला बसलो की ते चष्मा लावून मोबाइलवरचे मेसेज मोठ्याने वाचायचे. “हाय डिअर, युवर स्माइल इज किलर.” आई आमटी वाढता वाढता थांबायची. बाबा पुढचा मेसेज उघडायचे. त्या डिअरचं शिक्षण काय, घर कुठे, हे कुणी बघितलंसुद्धा नाही. तेव्हा लिहायच्या आधी प्रोफाइल कुणी बनवली आहे ते बघ. स्वतः, पालक की भाऊ-बहीण, हे बहुतेक साइटवर दिलेलं असतं. पालकांनी बनवलेली असेल तर मेसेज त्यांनाच लिही: “नमस्कार काका, मी अमुक, मूळ कोल्हापूर, पुण्यात नोकरीला आहे. तुमच्या मुलीची माहिती वाचली. अपेक्षांमध्ये लिहिलेल्या गोष्टी बऱ्याच जुळतात असं वाटलं. आपल्याला योग्य वाटल्यास माझे आई-वडील फोन करतील.” इथे गमतीजमती नकोत. अशा घरांतून उत्तरही लवकर येतं, कारण वाचणारा माणूस रोज त्याच कामाला बसलेला असतो.

स्वतः बनवलेली प्रोफाइल असेल तर खेळ वेगळा. मुलगी मोबाइल उघडते तेव्हा तिला अख्खा मेसेज दिसत नाही. यादी दिसते: फोटो, नाव, वय, गाव आणि पहिले चार-सहा शब्द. माझ्या यादीत एकाखाली एक ‘हाय, तुमची प्रोफाइल आवडली’ असायचं. त्यातले निम्मे तर माणसांनी लिहिलेलेही नसायचे. ‘इंटरेस्ट’चं बटण दाबलं की साइट स्वतःच तशा अर्थाचं वाक्य पाठवते. तू हाताने टाइप केलंस तरी तुझा मेसेज त्या ढिगातलाच दिसतो. शिवाय त्यात उत्तर देण्यासारखं काही नाही. ‘बोलायला आवडेल का?’ याला हो म्हणायचं तर तिने तुला आधीच पसंत केलेलं असायला हवं, आणि तुझ्याबद्दल तिला अजून काहीच ठाऊक नाही.

आता मामेभावाचं उदाहरण जरा सविस्तर सांगते. मुलगी सांगलीची, स्वतः प्रोफाइल चालवणारी. त्याने आधी हे लिहिलं होतं:

“हाय, मी मेकॅनिकल इंजिनियर असून पुण्यात एका नामांकित कंपनीत कार्यरत आहे. मला प्रवास, संगीत व वाचनाची आवड आहे. तुमची प्रोफाइल खूप आवडली. तुमच्याबद्दल जाणून घ्यायला आवडेल. कृपया रिप्लाय द्यावा.”

हा नोकरीचा अर्ज झाला. यातली सगळी माहिती त्याच्या प्रोफाइलमध्ये आहेच. आणि ‘तुमच्याबद्दल जाणून घ्यायला आवडेल’ म्हणजे सगळं काम तिच्या गळ्यात: मी काय सांगू, कुठून सुरुवात करू? मी त्याला म्हटलं, तिची प्रोफाइल परत उघड आणि तिच्याजागी दुसऱ्या कुठल्याही मुलीला लागू होणार नाही अशी एक गोष्ट शोधून दाखव. तो म्हणाला, काही नाहीये, ‘साधी, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल’ एवढंच लिहिलंय. मग फोटो बघितले. तिसऱ्या फोटोत ती घरात उभी होती आणि मागे कोपऱ्यात भिंतीला टेकलेला, गवसणी घातलेला तंबोरा होता.

तंबोरा दिसल्यावर गडी सुटलाच. दुसऱ्या खेपेला त्याने लिहिलं, “तुम्ही गाता का? कुणाकडे शिकता? किती वर्षं? कार्यक्रम करता का?” ही तर तोंडी परीक्षा! चार प्रश्न आले की माणूस ‘निवांत उत्तर देऊ’ म्हणून मोबाइल खाली ठेवतो, आणि तो निवांतपणा काही येत नाही. एकच प्रश्न हवा, आणि तो चालता चालता एका ओळीत उत्तर देता येईल असा हवा.

शेवटी गेलेला मेसेज हा:

“नमस्कार. तुमच्या तिसऱ्या फोटोत मागे गवसणीतला तंबोरा दिसला. लहानपणी मिरजेला आत्याकडे जायचो तेव्हा सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे बघत तासन्तास उभा राहायचो, त्यामुळे नजर तिथेच गेली. मला स्वतःला गाता येत नाही. तुमच्या घरात गाणं तुमचं की आणखी कुणाचं? सवडीने लिहिलंत तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: “आजोबांचा आहे. मीही गात नाही, पण गवसणी धुवायचं काम माझ्याकडे असतं. भोपळे बघायला तासन्तास?”

हे का चाललं, ते तुझ्या उपयोगाचं आहे. ‘तुमच्या तिसऱ्या फोटोत मागे’ हे शब्द यादीतच दिसतात आणि त्यावरून कळतं की हा मेसेज दुसऱ्या कुणाला गेलेला नाही. मग त्याची स्वतःची एक छोटी, जराशी वेडगळ आठवण आहे. ती नसती तर नुसतं निरीक्षण उरलं असतं, आणि नुसतं निरीक्षण पाळत ठेवल्यासारखं वाटतं. आपलं काहीतरी दिलं की समोरच्यालाही द्यावंसं वाटतं. प्रश्न शेवटाकडे आहे, कारण वाचून संपताना जे डोक्यात असतं त्यालाच माणूस उत्तर देतो. आणि ‘गाणं तुमचं की आणखी कुणाचं’ यात दोन्ही उत्तरं सोयीची आहेत. ‘तुम्ही गाता का’ विचारलं असतं तर तिला ‘नाही’ म्हणून थांबावं लागलं असतं.

मात्र ती आठवण खरी होती. त्याची आत्या मिरजेलाच राहायची. तुला तंबोऱ्यातलं काही कळत नसेल तर ओढूनताणून जोडू नकोस. ‘हे मला अजिबात माहीत नाही, पण तुमच्या फोटोत बघून विचारावंसं वाटलं’ हेही चालतं. खोटी आवड चौथ्या-पाचव्या मेसेजला उघडी पडते.

फोटोतल्या वस्तूबद्दल, जागेबद्दल, कामाबद्दल जरूर लिही. तिच्या दिसण्याबद्दल पहिल्या मेसेजमध्ये एक अक्षर नको. कौतुक मनापासूनचं असलं तरी ते त्या ‘किलर स्माइल’च्या शेजारी जाऊन बसतं. आणि तिने या साइटवर जे ठेवलंय त्याबद्दलच बोल. इन्स्टाग्रामवर शोधून काढलेल्या गोव्याच्या ट्रिपचा उल्लेख केलास की ती उत्तर देणार नाही, खातं प्रायव्हेट करेल. मी केलं होतं.

‘तुम्ही’च लिही. ती ‘तू’ म्हणाली की मग तू म्हण. मराठीत लिहायचं की इंग्रजीत, ते तिने स्वतःबद्दल ज्या भाषेत लिहिलंय त्यावरून ठरव. रोमन लिपीतलं मराठी चालतं, पण ‘tumhi ky krta’ असली काटछाट नको.

पहिल्या मेसेजमध्ये फोन नंबर मागू नकोस, स्वतःचा देऊही नकोस. हा नुसता शिष्टाचाराचा भाग नाही. या साइटवर फसवणारे लोक फिरतात, आणि त्यांची पद्धत ठरलेली असते: गोड बोलायचं, लगेच साइटबाहेर व्हॉट्सअ‍ॅपवर न्यायचं, मग परदेशातून पाठवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकल्याची कथा सांगून पैसे मागायचे. लग्नाच्या साइटसाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याही असल्या प्रकारांमुळेच. मुलींना घरून, मैत्रिणींकडून हे बजावलेलं असतं. तू कितीही सरळ असलास तरी ‘व्हॉट्सअ‍ॅपवर बोलूया का?’ या वाक्याने त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतोस. चार-पाच मेसेज इकडून तिकडे झाले की नंबराचा विषय आपोआप निघतो.

एकच मेसेज सगळ्यांना चिकटवत असशील तर तेही बंद कर. मी आणि माझी रूममेट एकाच साइटवर होतो. एका मुलाने आम्हा दोघींना शब्दशः तोच मेसेज पाठवला, आणि माझ्या मेसेजमध्ये नाव बदलायला विसरला. त्या संध्याकाळी आम्ही हसून हसून लोळलो, पण उत्तर कुणीच दिलं नाही. चाळीस पाठवण्यापेक्षा आठवड्याला तीन-चार पाठव, प्रत्येकीला पंधरा मिनिटं दे.

लिहायच्या आधी दोन गोष्टी तपासल्या तर बराच मनस्ताप वाचेल. एक म्हणजे तिचं शेवटचं लॉगिन. ते दोन महिन्यांपूर्वीचं असेल तर बहुधा लग्न ठरलंय आणि प्रोफाइल काढायची राहिलीय. दुसरं म्हणजे अपेक्षा. ‘नोकरी सांगली-मिरजेत’ किंवा ‘पत्रिका जुळणे आवश्यक’ असं स्पष्ट लिहिलं असेल आणि तुझं त्यात बसत नसेल, तर कितीही छान मेसेजने ते बदलत नाही. शिवाय काही साइटवर पैसे न भरलेल्या सदस्याला उत्तर लिहिताच येत नाही, फक्त ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबता येतं. तसं असेल तर अ‍ॅक्सेप्ट आलं की तेच उत्तर समज आणि पुढचा मेसेज तू कर.

मेसेज आवडला की ती तुझी प्रोफाइल उघडणार. तिथे गॉगल लावून बाइकवर बसलेला एकच फोटो असेल तर एवढा खटाटोप वाया. चेहरा स्पष्ट दिसेल असा एक फोटो आणि स्वतःबद्दल दोन खऱ्या ओळी आधी टाक.

उत्तर नाही आलं तर आठवडाभर थांब, मग एकदाच लिही: “मागचा मेसेज कदाचित राहून गेला असेल. योग्य वाटत नसेल तर तसं कळवलंत तरी हरकत नाही.” यावर मला दोन-तीनदा स्वच्छ नकार द्यावासा वाटला आणि मी दिला. त्यानंतरही शांतता असेल तर तिसरा मेसेज नाही. ‘ऑनलाइन दिसताय पण उत्तर देत नाही’ हे तर कधीच नाही.

मामेभावाचं त्या मुलीशी जमलं नाही, तिला सांगली सोडायची नव्हती. पण दोघं महिनाभर छान बोलले, आणि तिने त्याला भोपळे कसे सुकवतात ते आजोबांना विचारून सांगितलं.

तुझ्या त्या चाळीसपैकी एखादीने स्वतःबद्दल काय लिहिलंय ते नाव-गाव काढून, थोडं बदलून इथे टाक. फोटो टाकू नकोस, फक्त त्यात काय आहे ते सांग. आपण मेसेज लिहून बघू.