पॉइंटपोटी मागे ठेवलेली विक्री: ‘तरतूद’, ‘स्थगित महसूल’ की आणखी काही?

*प्रश्न: कोल्हापुरात आमच्या कंपनीची कपड्यांची दुकानं आहेत. ग्राहकाला खरेदीवर पॉइंट मिळतात. ऑडिटर म्हणतात, विक्रीतला काही भाग ‘डिफर’ करा आणि पॉइंट वापरले की ‘रेकग्नाइज’ करा. मालकांसाठी मराठीत टिपण लिहायचंय. ‘पॉइंटची तरतूद’ लिहू की ‘स्थगित महसूल’? आणि रेकग्नाइजला ‘ओळखणे’ चालेल का?*

‘तरतूद’ नको, ‘ओळखणे’ तर अजिबात नको. ‘स्थगित महसूल’ चुकीचं नाही, पण मालक वाचून बुचकळ्यात पडतील. मी लिहीन: डिफर करण्यासाठी ‘पॉइंटपोटी आगाऊ जमा धरणे’ आणि रेकग्नाइजसाठी ‘विक्रीत वर्ग करणे’. का, ते हिशोबातूनच कळतं, म्हणून आधी हिशोब.

दिवाळीच्या महिन्यात तुमच्या राजारामपुरीतल्या दुकानात जीएसटी वगळून १०,००,००० रुपयांची विक्री झाली असं धरू. शंभर रुपयांमागे ५ पॉइंट, एका पॉइंटला पुढच्या खरेदीत एक रुपया सूट, मुदत दोन वर्षं. म्हणजे ५०,००० पॉइंट वाटले गेले. सगळे काही परत येत नाहीत; कुणाचं कार्ड हरवतं, कुणी पुण्याला जातं. मागच्या अनुभवावरून शंभरातले ८० वापरले जातील असा तुमचा अंदाज आहे. तेव्हा या पॉइंटची स्वतंत्र किंमत ५०,००० नव्हे, ४०,००० रुपये.

इंड-एएस ११५ हे हिशोबाचं मानक आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्याचं म्हणणं असं, की ग्राहकानं दिवाळीत दहा लाख मोजले ते फक्त कपड्यांचे नाहीत. त्यानं दोन वस्तू घेतल्या: आज नेलेले कपडे आणि पुढच्या वेळी सूट मिळण्याचा हक्क. आलेले दहा लाख या दोघांत त्यांच्या स्वतंत्र किमतींच्या प्रमाणात वाटायचे. कपडे १०,००,०००, पॉइंट ४०,०००, बेरीज १०,४०,०००. या प्रमाणानं कपड्यांच्या वाट्याला ९,६१,५३८ आणि पॉइंटच्या वाट्याला ३८,४६२ रुपये येतात. पहिली रक्कम आजची विक्री. दुसरी ताळेबंदात देण्यांच्या बाजूला जाते, कारण पैसे गल्ल्यात आले आहेत पण त्यापोटीचा माल अजून द्यायचा आहे.

‘तरतूद’ इथेच अडते. तरतूद आपण खर्चाची करतो: बुडीत कर्जाची, बोनसची, कोर्टातल्या दाव्याची. तरतूद म्हटलं की वाचणारा समजतो, विक्री पूर्ण दहा लाखांची झाली आणि पुढे येणारा एक खर्च आपण आजच नफ्यातून कापून ठेवला. इथे खर्च नाहीच, दहा लाखांतले ३८,४६२ अजून कमावलेले नाहीत. फरक नुसता शब्दाचा असता तर मी वाद घातला नसता. पण तरतुदीत विक्रीचा आकडा दहा लाखच राहतो आणि खर्च सहसा लागत किमतीनं धरला जातो. या पद्धतीत विक्रीचाच आकडा खाली येतो आणि रक्कम विक्री किमतीवरून ठरते. उलाढालीवर कमिशन घेणाऱ्या मॅनेजरला हा फरक तुम्ही न सांगताही कळेल.

एक अपवाद सांगायला हवा. इंड-एएस लागू नसलेल्या, जुन्या एएस मानकांवर चालणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या वह्यांत पॉइंटसाठी खर्चाची तरतूदच केलेली पुष्कळदा दिसते, आणि तिथे ‘तरतूद’ हाच बरोबर शब्द आहे. तुमचे ऑडिटर ‘डिफर’ म्हणाले, त्यावरून तुम्ही इंड-एएस लागू असलेल्या गटातले दिसता. पण टिपण लिहिण्याआधी एवढं त्यांना विचारून घ्या.

‘स्थगित महसूल’मधला ‘स्थगित’ कोर्टाच्या ओसरीवरचा शब्द आहे. बांधकामाला स्थगिती, बदलीला स्थगिती, निवडणुकीला स्थगिती. त्यात कुणीतरी वरून थांबवल्याचा आणि पुढे काय होईल ते ठाऊक नसल्याचा वास येतो. इथे कुणी काही थांबवलेलं नाही. ‘महसूल’ म्हटलं की करवीर तालुक्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तलाठी आणि सातबारा येतो, कपड्यांचं दुकान नव्हे. गंमत म्हणजे ‘महसूल’ आणि ‘त्यात काय हशील’ मधलं ‘हशील’ ही एकाच अरबी धातूची लेकरं. मूळ अर्थ हाती आलेलं, प्राप्त झालेलं. पाठ्यपुस्तकात ‘महसुली खर्च’ ठीक आहे, तिथे तो परिभाषेचा भाग आहे. दुकानाच्या टिपणात ‘विक्री’ हा साधा शब्द असताना महसूल कशाला?

मग ‘अनामत’? तेही नाही. अनामत मागितली की रोख परत द्यावी लागते. पॉइंटचे पैसे कुणी काउंटरवर मागू शकत नाही, माल घेतला तरच सूट. ‘राखीव’ म्हणाल तर संचालक त्याला राखीव निधी समजतील, आणि तो नफ्यातून बाजूला काढलेला असतो. उरतो ‘आगाऊ’. साखरपुड्याआधी शालूसाठी आगाऊ रक्कम घेऊन माल नंतर देणं तुमच्या दुकानाला नवं नाही, आणि या रकमेचा स्वभाव नेमका तोच आहे. ‘-पोटी’ हा हिशोबातला जुना, कामाचा प्रत्यय: भाड्यापोटी, थकबाकीपोटी. म्हणून ‘पॉइंटपोटी आगाऊ जमा’. खात्याचं नाव म्हणूनही ते चपखल बसतं.

आता ‘रेकग्नाइज’. ओळख माणसाची होते, चोरीच्या मालाची पटते. विक्रीची ‘ओळख’ हे इंग्रजी शब्दाला मराठी टोपडं घालणं झालं. ‘मान्यता’ शाळेला मिळते. हिशोबनीस माणूस मात्र कधीपासून म्हणत आलाय, ‘या खात्यातून त्या खात्यात वर्ग केले’. इथे घडतं तेही एवढंच: आगाऊ जमा खातं नावे, विक्री खातं जमा.

एक बिल जवळून पाहू. मार्चमध्ये एक बाई ३,००० रुपयांची साडी घेतात आणि ५०० पॉइंट वटवतात. (‘रिडीम’ला ‘वटवणे’ बेलाशक वापरा, हुंडी आणि चेक वटतो तसा पॉइंटही वटतो.) रोख येते २,५००. मग विक्री किती? २,५०० नाही आणि ३,०००ही नाही. ५०० पॉइंटपोटी दिवाळीत जे मागे ठेवलं ते आता विक्रीत यायला हवं. ३८,४६२ रुपये ४०,००० पॉइंटवर वाटले तर एका पॉइंटला सुमारे ९६ पैसे, ५०० पॉइंटचे ४८१ रुपये. या बिलावर मिळणारे नवे पॉइंट बाजूला ठेवले तर विक्री झाली २,९८१.

भागायचं ४०,००० नं, ५०,००० नं नव्हे. पुष्कळ जण इथे घसरतात. १०,००० पॉइंट येणारच नाहीत हे आपण आधीच धरलंय, म्हणून सगळी रक्कम येणाऱ्या पॉइंटांवरच वाटायची. ५०,००० नं भागलं तर पॉइंटला ७७ पैसेच पडतात आणि मुदत संपेपर्यंत खात्यात विनाकारण गाळ साचत राहतो.

दुसरा घोटाळा बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून येतो आणि त्याच्या मुळाशी पुन्हा शब्दच आहे. बिलावर ‘पॉइंट सूट ५००’ छापलं जातं, सूट म्हणून ती विक्रीतून वजा होते आणि आगाऊ जमा खात्याला कुणी हात लावत नाही. म्हणजे एकाच सवलतीपोटी विक्री दोनदा घटली, एकदा दिवाळीत आणि एकदा मार्चमध्ये. हे ओळखायची खूण सोपी आहे: वर्षभर पॉइंट वापरले जात असताना हे खातं फक्त जमेच्या बाजूला वाढत असेल आणि नावे बाजू कोरी असेल, तर बिलावरची ‘सूट’ चुकीच्या खात्यात जाते आहे. ग्राहकाच्या बिलावर ‘सूट’ राहू द्या, त्याच्या दृष्टीनं ती सूटच आहे. वहीत मात्र ‘पॉइंट वटवले’ म्हणा.

वर्षअखेरचं काम याच रीतीनं, फक्त एकत्रित. ३१ मार्चपर्यंत १५,००० पॉइंट वटले तर ४०,००० पैकी १५,००० या प्रमाणात १४,४२३ रुपये विक्रीत वर्ग झाले, २४,०३९ शिल्लक. पुढच्या वर्षी लग्नसराई जोरात झाली आणि लक्षात आलं, की ४०,००० नव्हे, ४५,००० पॉइंट वापरले जाणार. तेव्हा दिवाळीतली वाटणी उकरायची नाही, ३८,४६२ कायम ठेवायचे. फक्त प्रमाण नव्या अंदाजानं मांडायचं. त्या वर्षाअखेर एकूण ३६,००० वटले असतील तर ४५,००० पैकी ३६,००० म्हणजे ३०,७७० रुपये आजवर विक्रीत यायला हवेत. १४,४२३ आधी आलेत, म्हणून या वर्षी १६,३४७. उरले ७,६९२.

या ७,६९२ साठी शेवटचा शब्द. मुदत संपली की न वटलेल्या पॉइंटला काही जण ‘माफ’ लिहितात, काही ‘बुडीत’. दोन्ही उलटे आहेत. माफ आपण दुसऱ्याचं देणं करतो आणि बुडतं आपलं येणं. इथे देणेकरी आपण आणि हक्क गमावला ग्राहकानं. ‘बाद’ लिहा. तिसऱ्या वर्षी मुदतीआधी आणखी काही पॉइंट वटले असतील तर त्यांच्या वाट्याचं तेव्हाच विक्रीत गेलेलं असेल; राहिलेले बाद झाले की उरलेली रक्कमही विक्रीतच वर्ग होते, ‘इतर उत्पन्ना’त नाही, कारण ती मुळात दिवाळीच्या कपड्यांच्या व्यवहारातूनच आलेली आहे.

मालकांच्या टिपणासाठी एवढं पुरेल: ‘दिवाळीतील विक्रीपैकी ३८,४६२ रुपये पॉइंटपोटी आगाऊ जमा धरले. पॉइंट वटतील तसे ते विक्रीत वर्ग होतील. ३१ मार्चअखेर १४,४२३ रुपये वर्ग झाले, २४,०३९ रुपये देणे बाकी.’