कानात दाब नाही, तरी दडे खरे

प्रश्न: नॉइज कॅन्सलिंग हेडफोन लावले की कानावर दाब आल्यासारखं होतं, दडे बसतात, तासाभरात डोकं थकतं. मित्र म्हणतात भास आहे. हे काहींनाच का होतं? कानाला धोका आहे का? उपाय काय?

भास नाही आणि हवेचा दाबही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे आमच्या घरात पटवून देताना माझी पुरेवाट झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सांगलीत घरून काम करते. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे हिशोब आणि जीएसटीची रिटर्न भरते. घराखाली पिठाची गिरणी आहे आणि तिची घरघर फरशीतून वर येते. दादाने पुण्याहून चांगले महागातले हेडफोन आणून दिले. बटण दाबलं आणि घरघर नाहीशी झाली. दळण घेऊन आलेल्या बायकांचं बोलणं, रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी थोडी दबून पण ऐकू येत होती. गेला होता तो फक्त खालचा जाड आवाज. आणि थोड्याच वेळात दोन्ही कानांत घाटात बसतात तसे दडे बसले. आवंढा गिळला, जांभई दिली, नाक धरून हळूच फुंकर मारली, काहीच सुटेना. हेडफोन काढले की लगेच मोकळं. संध्याकाळपर्यंत जबडा दुखायला लागायचा आणि खतावणीतले आकडे पुन्हा पुन्हा वाचावे लागायचे.

दादाचं म्हणणं एकच, "लाखो लोक वापरतात, तुलाच कसं होतं? मनाचं आहे."

मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी टिंपॅनोमेट्री केली. कानाच्या भोकात रबरी टोक घट्ट बसवतात, यंत्र तिथला दाब हळूहळू बदलत नेतं आणि पडदा कितपत हलतो त्याचा आलेख काढतं. डोंगरासारखी रेघ येते. शिखर शून्याजवळ आलं म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारखा दाब. आत दाब कमी असेल तर शिखर डावीकडे सरकतं. माझ्या दोन्ही कानांचं शिखर शून्याजवळ होतं. दादाला कागद दाखवला, तर तो म्हणाला, "बघ, मी सांगितलं होतं."

पण त्या कागदावरून एवढंच कळतं की पडद्यामागे दाब अडकलेला नाही. मला काही जाणवत नाही, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

आकडेच बघा. गिरणीसारखा ८० डेसिबलचा आवाज म्हणजे हवेच्या दाबातला सुमारे ०.२ पास्कलचा चढउतार. हेडफोन उलट्या दिशेचा तेवढाच आवाज सोडून तो खोडतात. आणि जिन्याने एक मजला चढलं तर हवेचा दाब सुमारे ३५ पास्कलने बदलतो. शिवाय हेडफोनचा पडदा मागेपुढे हलतो, हवा एका बाजूला दाबून धरत नाही. म्हणजे कॅन्सलिंगने कानात हवा कोंबली जाते, हे खरं नाही. कानाचा पडदा फाटेल वगैरे भीती काढून टाका. या तंत्राने कानापर्यंतचा आवाज कमीच होतो.

मग दडे कुठून येतात? सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं आहे. घाटात किंवा सर्दीत पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडला की पडदा ताणला जातो, आणि ताणलेल्या पडद्यातून सगळ्यात आधी कमी होतात ते खालचे, जाड आवाज. मेंदूला हे लहानपणापासून ठाऊक असतं. हेडफोनही नेमके तेच आवाज काढतात. कॅन्सलिंग मुख्यतः १००० हर्ट्झच्या खालीच जोरात चालतं, वरचे आवाज बरेचसे तसेच राहतात. कानाकडून मेंदूला दाब चढल्यावर मिळते तीच खबर मिळते आणि तो दडे बसल्याचं सांगतो.

हे मला पटलं ते पुण्याच्या एसटीत. खंबाटकी ओलांडताना कानाला दडे बसले ते आवंढा गिळल्याबरोबर टक्कन सुटले. ते खऱ्या दाबाचे. मग हेडफोन लावले, पुन्हा दडे, पण कितीही गिळलं तरी सुटले नाहीत. एक बटण बंद केलं आणि त्या क्षणी गेले. दाब असता तर बटणाने गेला नसता. त्याच एसटीत खड्ड्यावर गाडी आदळली की कानात धप्प व्हायचं, तो प्रकार वेगळा. हादऱ्याने हवेचा मोठा हेलकावा येतो, हेडफोन तोही खोडायला जातात आणि त्यांचा स्पीकर धडपडतो. गाडीत त्रास जास्त होत असेल तर हे कारण धरा.

तुमच्यात नेमकं काय चाललंय ते घरीच कळेल. शांत खोलीत कॅन्सलिंग बंद ठेवून हेडफोन दहा मिनिटं लावून बसा आणि थोडं बोला. तेव्हाही कान भरलेले वाटले, स्वतःचा आवाज डोक्यात घुमला, तर दोष कान बंद होण्याचा आहे. इअरबड असतील तर रबराचा आकार बदला किंवा कान उघडा ठेवणारा प्रकार घ्या. बंद असताना ठीक आणि चालू करताच दडे, तर कारण मी वर सांगितलं तेच.

काहींनाच होतं त्यात हेडफोन कानावर कसे बसतात याचा भाग मोठा आहे. चष्म्याच्या काडीमुळे गादी जराशी उचलली गेली तरी जाड आवाज आत गळतो आणि दाब कमी वाटतो. दादाला चष्मा आहे, मला नाही. शिवाय मला अर्धशिशी आहे आणि कामात दात आवळायची सवय आहे. थकवा निम्मा त्या जबड्याचा असतो.

माझा उपाय साधा आहे. ॲपमध्ये कॅन्सलिंगची पातळी अर्ध्यावर आणली. घरघर थोडी येते, दडे येत नाहीत. गिरणी जोरात असेल तेव्हा पातळी पूर्ण ठेवते, पण त्यावर तानपुऱ्याचा खर्ज अगदी बारीक लावते. खालच्या पट्टीत काहीतरी चालू राहिलं की पोकळी भरते. तासाभराने काढून ठेवते, जबडा सैल सोडते. सवय होईल म्हणून दिवसभर पूर्ण पातळीवर रेटू नका. काहींना होते, मला झाली नाही, आणि इतरांना होते म्हणून तुम्हाला व्हायलाच हवी असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. घ्यायच्या आधी दुकानात चालू करून निदान पंधरा मिनिटं लावून बसा. दुकानदाराला घाई असेल तर दुसरं दुकान बघा.

दोन गोष्टी राहिल्या. विट्याच्या यंत्रमागावर किंवा तशा कारखान्यात काम करत असाल तर या हेडफोनना कानाचं संरक्षण समजू नका. मागाच्या खडखडाटातला वरचा आवाज हे नीट खोडत नाहीत, तिथे कामाचे इअरमफच लागतात. आणि मी लिहिलं ते सगळं हेडफोन काढताच मोकळं होणाऱ्या कानांबद्दल आहे. काढूनही एकच कान भरलेला राहिला, त्या कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, शिट्टी वाजू लागली किंवा चक्कर आली, तर हेडफोनला दोष देत बसू नका, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. अचानक गेलेल्या ऐकण्यावर औषध लवकर सुरू झालं तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त असते.